वडिलांचा फ्लॅट विकला, कर किती? विचारण्याआधी देश, साल आणि स्वतःची परिस्थिती कशी लिहावी

"वडिलांचा पुण्यातला फ्लॅट सत्तर लाखांना विकला. आम्ही दोघं भावंडं आहोत. कर किती बसेल?"

कराविषयीचे प्रश्न बहुतेक वेळा असेच येतात. वाचताना सगळं सांगितल्यासारखं वाटतं, पण उत्तर द्यायला बसलं की हातात काहीच लागत नाही. एक जण म्हणतो साडेबारा टक्के, दुसरा म्हणतो वीस टक्के, तिसरा म्हणतो वारसाहक्काने आलेल्या घरावर करच नसतो. पहिले दोघे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण प्रश्नात राहिलेल्या जागा प्रत्येकाने आपल्या मनाने भरलेल्या असतात. तिसऱ्याची मात्र गल्लत झालेली आहे. घर वारशाने *मिळताना* भारतात कर लागत नाही, ते *विकताना* लागतो.

खाली हाच एक व्यवहार घेऊन दाखवलं आहे की प्रश्नातली कुठली माहिती उत्तरातला कुठला आकडा हलवते. ते एकदा दिसलं की सीएकडे जाताना कागदावर काय लिहून न्यायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आधी व्यवहार नीट मांडू

वडिलांनी फ्लॅट २०१०-११ या आर्थिक वर्षात २० लाखांना घेतला. मे २०१९ मध्ये ते गेले. आई आधीच गेलेली होती, मृत्युपत्र नव्हतं, म्हणून मुलगा आणि मुलगी निम्मे-निम्मे मालक झाले. भाऊ पुण्यातच नोकरी करतो. बहीण न्यू जर्सीत राहते आणि तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे. डिसेंबर २०२४ मध्ये फ्लॅट ७० लाखांना विकला. प्रत्येकाच्या वाट्याला विक्रीचे ३५ लाख आले आणि वडिलांच्या खरेदीतले १० लाख प्रत्येकाच्या खर्चाच्या बाजूला धरले. हिशेब सोपा राहावा म्हणून दलाली, मुद्रांक शुल्क, दुरुस्ती हे सगळं बाजूला ठेवलं आहे. प्रत्यक्षात हे खर्च पावत्यांसह लिहावेत, कारण वडिलांनी भरलेलं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी खरेदीच्या किमतीत मिळवता येते, आणि विकताना दिलेली दलाली विक्रीच्या रकमेतून वजा होते.

पायरी १: साल लिहा, पण नुसतं साल नको, तारीख लिहा

२३ जुलै २०२४ ही तारीख घर विकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. त्या दिवसाच्या आधी झालेल्या विक्रीवर, घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ताब्यात असेल तर, महागाई निर्देशांकाने खरेदीची किंमत वाढवून घ्यायची आणि उरलेल्या नफ्यावर २० टक्के कर द्यायचा, असा नियम होता. त्या दिवसापासून निर्देशांक गेला आणि दर १२.५ टक्के झाला.

निर्देशांकाचा हिशेब असा. २०१०-११ चा आकडा १६७ आहे आणि २०२४-२५ चा ३६३. एका भावंडाचे १० लाख वाढून होतात:

१०,००,००० × ३६३ ÷ १६७ = २१,७३,६५३

विक्रीच्या ३५ लाखांतून हे वजा केले की नफा १३,२६,३४७ उरतो. त्यावर २० टक्के म्हणजे २,६५,२६९, आणि ४ टक्के उपकर धरून साधारण २,७५,८८० रुपये.

निर्देशांक न लावता नफा सरळ २५ लाख. त्याचे साडेबारा टक्के ३,१२,५००, उपकरासह ३,२५,०००.

म्हणजे हाच फ्लॅट याच किमतीला जून २०२४ मध्ये विकला असता तर दोघांनाही प्रत्येकी सुमारे पावणेतीन लाख कर बसला असता. डिसेंबरमध्ये विकल्यावर काय होतं, ते ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर ठरतं. ते पुढच्या पायरीत बघू.

तारखेबाबत नवखा माणूस तीन ठिकाणी घसरतो. पहिली जागा म्हणजे टोकनची तारीख. टोकन मे महिन्यात घेतलं, करार ऑगस्टमध्ये नोंदवला आणि ताबा सप्टेंबरमध्ये दिला, तर प्रश्नात "मे मध्ये विकला" असं लिहिलं जातं आणि उत्तर जुन्या नियमाने मिळतं. करार नोंदणीची तारीख आणि ताब्याची तारीख, दोन्ही लिहा. टोकनवर हा निर्णय होत नाही.

दुसरी जागा म्हणजे आर्थिक वर्ष आणि कर निर्धारण वर्ष यांची सरमिसळ. डिसेंबर २०२४ ची विक्री आर्थिक वर्ष २०२४-२५ मधली, पण तिचं विवरणपत्र भरताना फॉर्मवर २०२५-२६ असं कर निर्धारण वर्ष छापलेलं असतं. "२०२५-२६ ची विक्री" असं कुणी लिहिलं की वाचणाऱ्याला दोन अर्थ लागतात, आणि नियम वर्षागणिक बदलत असताना ते परवडत नाही. दिवस-महिना-साल लिहिलं की हा घोळ होत नाही.

तिसरी जागा नवीन आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आहे आणि १९६१ च्या कायद्यातली कलमं त्यात वेगळ्या क्रमांकांनी आली आहेत. आपल्या उदाहरणातल्या डिसेंबर २०२४ च्या विक्रीला जुनाच कायदा लागू. पण २०२६ मध्ये कुणी "कलम ५४ खाली सूट मिळेल का" असं विचारलं आणि विक्रीची तारीख दिली नाही, तर तो कुठल्या कायद्यातल्या ५४ बद्दल बोलतोय हेच कळत नाही. नव्या कायद्यात "कर वर्ष" हा एकच शब्द आला आहे. जुन्या व्यवहारांसाठी जुने दोन शब्द अजून काही वर्षं आपल्यासोबत राहणार.

पायरी २: तुम्ही "रहिवासी" आहात की नाही, हे दिवस मोजून लिहा

निर्देशांक काढून टाकल्यावर एक दिलासा ठेवला गेला. २३ जुलै २०२४ आधी घेतलेली जमीन किंवा इमारत नंतर विकली, तर रहिवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला दोन्ही पद्धतींनी कर काढून जो कमी येईल तेवढाच भरावा लागतो. अनिवासी माणसाला ही मुभा नाही.

आपल्या भावंडांना लावून बघा. भाऊ रहिवासी आहे, म्हणून त्याला २,७५,८८०. बहीण अनिवासी आहे, म्हणून तिला ३,२५,०००. एकाच फ्लॅटचा निम्मा-निम्मा हिस्सा, एकच तारीख, एकच खरेदीदार, आणि करात ४९,१२० रुपयांचा फरक. "आम्ही दोघं भावंडं आहोत" या वाक्यात हा फरक कुठेच दिसत नव्हता.

दोन्ही पद्धतींत कमी काय निघेल, हे घर किती जुनं आणि भाव किती चढला यावर जातं. हाच फ्लॅट एक कोटीला गेला असता तर नफा इतका मोठा झाला असता की भावालाही साडेबारा टक्केच स्वस्त पडले असते. म्हणून "रहिवाशाने नेहमी निर्देशांकच घ्यावा" असा सल्ला कुणी आकडे न बघता दिला तर तो मनावर घेऊ नका.

आता रहिवासी म्हणजे कोण? भारताच्या आयकरात इथे पासपोर्ट बघत नाहीत, दिवस बघतात. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर साधारणपणे रहिवासी. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं भारतातलं उत्पन्न त्या वर्षी १५ लाखांच्या वर गेलं, तर आधीच्या चार वर्षांतले मिळून ३६५ दिवस भरत असल्यास ही मर्यादा १२० दिवसांवर येऊ शकते. घर विकलेल्या वर्षात १५ लाख ओलांडायला वेळ लागत नाही, आपल्या बहिणीचा नफाच २५ लाख आहे. वडिलांच्या कागदपत्रांसाठी ती चार-साडेचार महिने पुण्यात राहिली असेल तर तिचं उत्तर बदलू शकतं. म्हणून "मी एनआरआय आहे" असं न लिहिता "१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ मध्ये भारतात इतके दिवस, त्याआधीच्या चार वर्षांत एकूण इतके दिवस" असं लिहा. पासपोर्टवरचे शिक्के बघून हे अर्ध्या तासात निघतं.

टीडीएस सुद्धा याच जागी फुटतो. भावाच्या वाट्यावर खरेदीदार १ टक्का कापतो, म्हणजे ३५,०००. ही कपात लागू होण्याची ५० लाखांची मर्यादा १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या विक्रेत्यांची मिळून बघतात, त्यामुळे "माझा हिस्सा तर ३५ लाखच आहे" हा मुद्दा डिसेंबरच्या व्यवहारात चालत नाही. बहिणीच्या वाट्यावर मात्र १२.५ टक्के आणि उपकर, म्हणजे १३ टक्के कापायचा. तिने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नसेल तर खरेदीदार स्वतःच्या बचावासाठी पूर्ण ३५ लाखांवर कापतो: ४,५५,०००. कर ३,२५,००० आणि कापले साडेचार लाखांहून जास्त. वरचे १,३०,००० विवरणपत्र भरून परत मागावे लागतात. दाखल्याचा अर्ज करार नोंदवण्याआधी करायचा असतो. तो यायला वेळ लागतो आणि पैसे कापून झाल्यावर त्याचा उपयोग नाही. बहीण अनिवासी आहे हे खरेदीदाराला सांगितलंच नाही, त्याने दोघांचाही १ टक्काच कापला आणि पुढे खात्याची नोटीस त्याच्या दारात आली, हा प्रकार याच ठिकाणी होतो. खरेदीदार तुम्ही असाल तर विक्रेत्याला दिवसांचा प्रश्न तुम्हीच विचारा.

पायरी ३: देश लिहा, आणि गरज असेल तिथे दोन देश लिहा

बहिणीच्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत, कारण तिच्यावर दोन देशांचा हक्क आहे. घर भारतात आहे म्हणून भारत कर घेणार. ती ग्रीन कार्डधारक आहे म्हणून अमेरिका तिच्या जगभरातल्या उत्पन्नाचा हिशेब मागणार. ती दुबईत असती तर तिथे व्यक्तीच्या अशा नफ्यावर आयकर नाही, आणि भारताचा कर भरून विषय संपला असता.

इथे एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. वारशाने आलेल्या घराची "खरेदीची किंमत" काय धरायची, यावर हे दोन देश अगदी उलट बोलतात.

भारत म्हणतो, वडिलांनी दिलेली किंमत तीच तुमची किंमत. वडिलांनी घर बाळगलेली वर्षंही तुमच्याच खात्यात जमा. निर्देशांक वडिलांच्या वर्षापासून लावायचा की मुलांना मालकी आली त्या वर्षापासून, यावर वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये मंजुळा शहा यांच्या खटल्यात आधीच्या मालकाच्या वर्षापासून धरायचं असा निर्णय दिला. म्हणून वरच्या हिशेबात १६७ हा आकडा आला. तो वडील गेले त्या २०१९-२० चा, म्हणजे २८९, धरला असता तर १० लाखांचे फक्त १२,५६,०५५ झाले असते आणि भावाचा फायदा तिथेच संपला असता.

अमेरिका म्हणते, वडील गेले त्या दिवशी घराची बाजारातली किंमत जी होती ती तुमची किंमत. समजा मे २०१९ मध्ये फ्लॅट ६० लाखांचा होता. बहिणीच्या हिश्शाचे ३० लाख. त्या वेळी डॉलर सुमारे ७० रुपये होता, म्हणून ही किंमत साधारण ४२,८५७ डॉलर. डिसेंबर २०२४ मध्ये डॉलर सुमारे ८५, म्हणून ३५ लाखांचे साधारण ४१,१७६ डॉलर. रुपयांत पाच लाख वाढले, डॉलरमध्ये नफाच उरला नाही. भारतात सव्वातीन लाख कर आणि अमेरिकेत त्याच व्यवहारावर नफा शून्य, ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी आहेत.

आणि याचा एक तोटाही आहे. भारतात भरलेल्या कराची वजावट अमेरिकेत मिळते हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण ती अमेरिकेत अशा परदेशी उत्पन्नावर लागणाऱ्या कराच्या मर्यादेतच मिळते. तिकडे नफा शून्य असेल तर या व्यवहारापुरतं वळतं करायला काही राहत नाही. "भारतात भरलेला कर तिकडे वजा होतोच" असं समजून बसलेल्या माणसाने हा हिशेब आधी मांडून बघावा. वडील गेले त्या दिवसाच्या किमतीचा मूल्यांकन अहवाल अमेरिकेच्या बाजूला लागतो. भारताच्या बाजूला लागत नाही म्हणून पुण्यातला सीए तो मागत नाही, आणि बहीण तो विसरते.

वर्षही दोन देशांत वेगळं चालतं. भारताचं एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर. हाच व्यवहार डिसेंबर २०२४ ऐवजी जानेवारी २०२५ मध्ये झाला असता तर भारतात काहीच हललं नसतं, आर्थिक वर्ष तेच. अमेरिकेत मात्र तो २०२५ च्या विवरणपत्रात गेला असता. म्हणूनच देश लिहिल्याशिवाय साल लिहून भागत नाही. अमेरिका असेल तर राज्यही लिहा, राज्यांचा आयकर वेगळा असतो.

देश भारत असला तरी राज्य विचारावं लागतं, याचं चांगलं उदाहरण आपल्या शेजारी आहे. गोव्यातल्या समाईक मालमत्तेच्या पद्धतीत येणाऱ्या नवरा-बायकोचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटून कर लावतात. त्यासाठी आयकर कायद्यात कलम ५अ होतं. म्हणून पणजीतल्या फ्लॅटवरच्या प्रश्नाला पुण्यातल्या अनुभवावरून उत्तर देताना आधी मालक त्या पद्धतीत येतात का, हे विचारायला हवं.

पायरी ४: बाकीची परिस्थिती, जिच्यामुळे आकडा हलतो तेवढीच

सगळं आयुष्य लिहायची गरज नाही. या प्रश्नाला चार गोष्टी पुरतात.

खरे मालक कोण, हे आधी बघा. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर भावाचं नाव नॉमिनी म्हणून चढलं असेल तर तेवढ्याने बहिणीचा हिस्सा जात नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा. आणि आई हयात असती तर हिंदू वारसा कायद्याने तीही बरोबरीची वारस, म्हणजे हिस्से निम्मे नव्हेत तर प्रत्येकी एक तृतीयांश. वरचा प्रत्येक आकडा बदलला असता.

मग त्या वर्षातलं बाकीचं उत्पन्न. रहिवाशाचं दुसरं उत्पन्न मूळ सवलतीच्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर मर्यादेत उरलेली जागा या नफ्यातून वजा करता येते. घरी असलेल्या आईच्या वाट्याला याचा फायदा झाला असता. अनिवासीला ही वजावट नाही.

पैसे पुन्हा कुठे घालणार, हेही सांगा. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर कलम ५४ खाली सूट मिळते. ते घर भारतातच हवं. बहिणीने हे पैसे न्यू जर्सीतल्या घरात घातले तर सूट नाही. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर झालं नसेल तर उरलेली रक्कम बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. नुसती मुदत ठेव चालत नाही. अनेकांची सूट इथेच बुडते.

शेवटची गोष्ट रेडी रेकनरची. करारातली किंमत सरकारी दरापेक्षा कमी असेल आणि सरकारी दर करारातल्या किमतीच्या ११० टक्क्यांच्या वर जात असेल, तर कर सरकारी दरावर निघतो. ७० लाखांच्या करारासाठी ही रेषा ७७ लाख. मुद्रांक शुल्क भरताना काढलेला आकडा प्रश्नासोबत जोडा.

पायरी ५: आता प्रश्न पुन्हा लिहा

सुरुवातीचा प्रश्न तीनच वाक्यांचा होता. आता तोच असा होतो:

"पुण्यातला राहता फ्लॅट. वडिलांनी जून २०१० मध्ये २० लाखांना घेतला, मुद्रांक शुल्काची पावती आहे. वडील मे २०१९ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही, आई आधीच गेली. वारस आम्ही दोघं, निम्मे-निम्मे. करार १२ डिसेंबर २०२४ ला नोंदवला, ताबा त्याच दिवशी, किंमत ७० लाख, रेडी रेकनरने ६६ लाख. मी पुण्यात, नोकरी. बहीण न्यू जर्सीत, ग्रीन कार्ड. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये भारतात ४० दिवस, त्याआधीच्या चार वर्षांत एकूण १५० दिवस. नवीन घर घ्यायचा विचार नाही. भारतात आम्हा दोघांचा कर आणि टीडीएस किती?"

शेवटचं वाक्य मुद्दाम "भारतात" या शब्दाने सुरू केलं आहे. अमेरिकेचा प्रश्न बहिणीने वेगळा लिहावा आणि तिकडच्या सल्लागाराला विचारावा. त्यात वडील गेले त्या दिवसाची किंमत, दोन्ही तारखांचे डॉलरचे दर, राज्याचं नाव आणि भारतात भरलेल्या कराचं चलन एवढं द्यायचं. इथल्या सीएने तिकडचं किंवा तिकडच्याने इथलं ओझरतं सांगितलं तर ते टिपून ठेवा, पण त्यावर पैसे हलवू नका.

एखादी जागा भरताच येत नसेल, समजा वडिलांचा करार सापडतच नसेल, तर ती मोकळी सोडू नका. "खरेदीचा करार हरवला, सोसायटीच्या नोंदीत साल २०१० आहे" असं लिहा. मग उत्तर देणारा आधी दुय्यम निबंधक कार्यालयातून कराराची प्रमाणित प्रत काढायला सांगेल आणि कराचा आकडा त्यानंतर काढेल.